बेचाळीस हजारांची दिवाळी

नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं तेव्हा सगळ्यात आधी काय गेलं असेल, तर ग्रुप मेडिक्लेम. पीएफ गेला, कॅन्टीनचा फुकट चहा गेला, त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. पण 'उद्या पाय मोडला तर बिल कोण भरणार?' हा बाबांचा प्रश्न दर रविवारच्या फोनवर यायचा. शेवटी कंटाळून मी स्वतःची पॉलिसी काढायला घेतली. कव्हर जरा मोठं मागितलं, म्हणून कंपनीने मेडिकल चेकअप सांगितलं. तेव्हा २०२३ ची दिवाळी तोंडावर आली होती आणि मी पुण्याहून घरी, अंबडला जायला निघाले होते. म्हटलं, तिकडेच देऊ रक्त. एक सुई टोचायची, त्यात काय!

अंबड म्हणजे जालना जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. मत्स्योदरीचा डोंगर, आजूबाजूला मोसंबीच्या बागा आणि घरोघरी पुण्या-मुंबईला गेलेलं एखादं लेकरू. सकाळी सव्वाआठला लॅबचा मुलगा बाईकवर आला. अंगणातल्या खुर्चीवर बसवून त्याने रक्त घेतलं, जांभळ्या टोपणाच्या छोट्या ट्यूबमध्ये भरलं, तीन-चार वेळा हलकेच उलटंसुलटं केलं आणि बर्फाची पिशवी ठेवलेल्या डब्यात टाकलं. अजून चार घरं बाकी होती. ती झाली की सगळे सॅम्पल जालन्याला जाणार होते.

संध्याकाळी मी आईबरोबर चकल्या पाडत होते, तेव्हा रिपोर्टची पीडीएफ फोनवर आली. हिमोग्लोबिन १२.४, ठीक. पांढऱ्या पेशी ११,८००, किंचित जास्त. आणि खाली ठळक अक्षरात, शेजारी लाल बाण काढून : प्लेटलेट ४२,०००.

नॉर्मल किती? एक मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड लाख ते साडेचार लाख.

आमच्या घरात हा आकडा नुसता आकडा नव्हता. माझ्या मावसबहिणीला, आम्ही तिला ताईच म्हणतो, सहा वर्षांपूर्वी आयटीपी निघालं होतं. इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया. शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वतःच्या प्लेटलेटवर उलटते आणि त्या मारत सुटते. तिचा काउंट आठ हजारांवर आला होता. ते दिवस घरातल्या कुणीच विसरलेलं नाही. आईने रिपोर्ट वाचला आणि चकलीचा साचा खाली ठेवला. 'म्हणजे हे आपल्या रक्तातच आहे,' ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी. तोच मुलगा, तीच खुर्ची, तसलीच जांभळी ट्यूब. काउंट ३७,०००.

आता तर शंकाच उरली नाही. एकदा चूक होऊ शकते, दोनदा कशी होईल? (हे वाक्य लक्षात ठेवा. या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक याच वाक्यात होती, आणि ते माझं होतं.)

दिवाळीच्या दिवसांत मराठवाड्यात प्लेटलेट हा शब्द उच्चारला की पुढचा शब्द डेंगी. काकांनी तो उच्चारलाच. मला ताप नव्हता, अंगदुखी नव्हती, पण त्याने काही फरक पडला नाही. कंपाउंडलगतच्या पपईची पानं उतरली, मिक्सर फिरला आणि हिरवाकंच, कडूजहर रस माझ्यासमोर आला. 'पी लेकरा, डोळे मिटून पी. आपल्या शेजारच्यांचे वीस हजारांचे लाख झाले याने.' मी प्यायले. घाबरलेला माणूस काहीही पितो.

त्या रात्री ताईचा फोन आला. व्हिडिओ कॉल. ती सरळ मुद्द्यावर आली. 'टॉर्च घे आणि नडग्या दाखव. आता तोंड उघड. गालाच्या आतून दाखव. हिरड्यांतून रक्त येतंय? नाकातून? या वेळची पाळी कशी गेली?'

मी सगळं दाखवलं. काहीच नव्हतं. तिचं सुरू झालं होतं ते पायांवरच्या लाल ठिपक्यांनी. टाचणीच्या टोकाएवढे, शेकड्यांनी, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. तिला वाटलं घामोळं आहे. पण घामोळ्यावर काचेचा ग्लास दाबला तर लाली क्षणभर जाते. हे ठिपके ग्लासखालीही तसेच लाल राहिले, कारण ती लाली नव्हती, कातडीखाली सांडलेलं रक्त होतं. मग दात घासताना रक्त यायला लागलं, गालाच्या आत काळसर फोड आले, आणि पाळी थांबेचना. तेव्हा कुठे ती डॉक्टरांकडे गेली.

'तुझा काउंट सदतीस आहे आणि अंगावर एक ठिपका नाही,' ताई म्हणाली. 'होऊ शकतं तसं. तिशी-चाळिशीत कित्येकांना काही होत नाही. पण घाई करू नको. आणि कुणी तुझी स्लाइड बघितली का, ते विचार.'

स्लाइड? मी मास कॉम केलंय. माझ्यासाठी स्लाइड म्हणजे पॉवरपॉइंट!

जालन्यातल्या फिजिशियननी मला तपासलं. पोट दाबून पाहिलं, प्लीहा वाढलेली नाही ना म्हणून. मानेतल्या, काखेतल्या गाठी पाहिल्या. कुठली औषधं घेतेस, वेदनाशामक, होमिओपॅथी, काही? नाही. मग त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की दोन रिपोर्ट सारखे आहेत, दुसरं कारण दिसत नाही, तेव्हा हे आयटीपी असू शकतं. संभाजीनगरला हेमॅटॉलॉजिस्टना दाखव. लगेच अपॉइंटमेंट मिळाली नाही आणि काउंट अजून खाली गेला, तर स्टेरॉइड सुरू करावं लागेल. माझं वजन अठ्ठावन्न किलो, किलोला एक मिलिग्रॅमच्या हिशेबाने रोज साठ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. चिठ्ठी लिहून दिली. मी खालच्या मेडिकलमधून गोळ्या घेऊनही टाकल्या.

बसमध्ये ती पाकिटं मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा मला प्लेटलेटची नाही, वेगळीच भीती वाटत होती. ताईने स्टेरॉइडवर काढलेले महिने मी पाहिलेत. पुरीसारखा फुगलेला चेहरा, रात्र रात्र झोप नाही, वाढलेली साखर, आणि क्षुल्लक कारणावरून रडू. त्यात पॉलिसीचा फॉर्म. एकदा का त्यावर 'आयटीपी' ही तीन अक्षरं चढली, की मी विमा कंपनीच्या लेखी जन्मभराची पेशंट. सत्ताविसाव्या वर्षी!

आयटीपीची गंमत, म्हणजे गंमत नाहीच ती, अशी की त्याची एक अशी पक्की टेस्ट नाही. रक्त दिलं, पॉझिटिव्ह आलं, संपलं, असं होत नाही. बाकीची कारणं एकेक करून वगळायची, आणि जे उरतं त्याला आयटीपी म्हणायचं. एचआयव्ही, हेपटायटिस सी, यकृताचे आजार, औषधांचा परिणाम, गरोदरपण, रक्ताचे इतर विकार. या यादीत सगळ्यात वर एक कारण असायला हवं, जे आजारच नाही. पण ते वगळायचं राहून जातं, कारण त्यासाठी कुणीतरी मायक्रोस्कोपला डोळा लावावा लागतो.

हा आजार शरीर स्वतःच घडवतं हेही पूर्वी माहीत नव्हतं. तो शोध ज्या पद्धतीने लागला ते वाचून मी थक्क झाले. १९५० साली अमेरिकेत सेंट लुईसच्या बार्न्स हॉस्पिटलमध्ये विल्यम हॅरिंग्टन नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याला वाटत होतं की अशा पेशंटच्या रक्तातच काहीतरी प्लेटलेट मारणारं असावं. मग त्याने काय करावं? एका पेशंट बाईचं सुमारे अर्धा लिटर रक्त स्वतःच्या शिरेत चढवून घेतलं! काही तासांत त्याच्या धडधाकट शरीरातल्या प्लेटलेट जवळजवळ नाहीशा झाल्या. त्याला फिट आली, अंगावर ठिपके उठले, आणि पूर्ववत व्हायला काही दिवस गेले. पण तो वाचला आणि १९५१ साली ते सगळं छापून आलं. पुढे ते 'काहीतरी' म्हणजे अँटिबॉडी हे कळलं. त्या प्लेटलेटला चिकटतात आणि मग प्लीहा त्या प्लेटलेट गिळून टाकते. एरवी सात ते दहा दिवस जगणारी प्लेटलेट काही तासांत संपते. आधी या आजाराच्या नावातला 'आय' हा 'इडिओपॅथिक'चा होता, म्हणजे कारण माहीत नसलेला. २००९ मध्ये तज्ज्ञांनी एकत्र बसून तो 'इम्यून'चा केला.

हे सगळं मला संभाजीनगरच्या डॉक्टरबाईंकडे बसल्यावर कळलं. पाडव्याच्या आदल्या दिवशी, ओळखीतून, त्यांनी सकाळची वेळ दिली. जालना ओलांडून, बदनापूरवरून, बाबांच्या गाडीने. वाटेत कुणीच बोललं नाही.

बाईंनी आधी माझे दोन्ही रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, 'रक्त किती वाजता काढलं?'

'सव्वाआठला.'

'आणि मशीनवर किती वाजता लागलं?'

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. रिपोर्टच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. दुपारी एक वाजून दहा मिनिटं. जवळजवळ पाच तास.

'म्हणजे पाच तास तुमचं रक्त ईडीटीएमध्ये, बर्फाच्या डब्यात बसलं होतं,' बाई म्हणाल्या. 'आणि पांढऱ्या पेशी जास्त, ताप नसताना. बरं. बघू या.'

ईडीटीए म्हणजे त्या जांभळ्या ट्यूबच्या आतल्या भिंतीला लावलेलं रसायन. रक्त शरीराबाहेर आलं की गोठायला लागतं, आणि गोठण्यासाठी त्याला कॅल्शियम लागतं. ईडीटीए ते कॅल्शियम पकडून ठेवतं. कॅल्शियम नाही, म्हणून रक्त गोठत नाही, म्हणून मशीनला मोजता येतं. जवळजवळ सगळ्यांच्या बाबतीत हे छान चालतं.

पण साधारण हजारात एखादा माणूस माझ्यासारखा निघतो. प्लेटलेटच्या अंगावर एक प्रथिन असतं, दोन तुकड्यांचं, आणि ते दोन तुकडे कॅल्शियममुळे एकमेकांना धरून असतात. ईडीटीएने कॅल्शियम ओढून घेतलं की ती पकड सैल होते आणि प्रथिनाचा एरवी झाकलेला भाग उघडा पडतो. काही जणांच्या रक्तात नेमक्या त्या झाकलेल्या भागाला चिकटणाऱ्या अँटिबॉडी असतात. शरीरात त्यांना काही काम नसतं, कारण शरीरात कॅल्शियम भरपूर आणि तो भाग कायम झाकलेला. ट्यूबमध्ये मात्र त्या डिंकासारखं काम करतात. प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, गठ्ठे होतात. जितका वेळ जातो आणि ट्यूब जितकी थंड होते, तितके साधारणपणे गठ्ठे वाढतात.

'पण गठ्ठ्यात का होईना, प्लेटलेट आहेत ना? मग मशीन मोजत का नाही?' मी विचारलं.

बाईंनी दिलेलं उत्तर मला स्वयंपाकघरातलं म्हणून लगेच कळलं. साबुदाणा कधी जास्त भिजलाय? दाणे मोकळे असतील तर मोजता येतात. एकदा का त्याचा गिचका झाला, की शंभर दाण्यांचा एक गोळा. मशीनमध्ये एक बारीक भोक असतं आणि त्यातून वीज जात असते. प्रत्येक पेशी त्या भोकातून जाताना विजेला क्षणभर अडथळा करते. छोटा अडथळा म्हणजे प्लेटलेट, मोठा म्हणजे दुसरं काही. शंभर प्लेटलेटचा गोळा गेला की मशीन म्हणतं, ही प्लेटलेट नव्हे, फारच मोठी आहे. शंभर गेल्या, शून्य मोजल्या. उलट काही गोळे पांढऱ्या पेशींच्या खात्यात जमा होतात. माझ्या ११,८०० मधल्या काही पेशी पेशीच नव्हत्या तर! मशीन खोटं बोलत नव्हतं. त्याला दिलेल्या ट्यूबमध्ये सुट्या प्लेटलेट खरंच तेवढ्याच उरल्या होत्या.

आणि दुसऱ्या दिवशीची तपासणीही तशीच का आली हेही आता उघड आहे. तीच जांभळी ट्यूब, तोच डबा, तोच बाईकचा प्रवास. चूक जर ट्यूबमध्येच असेल, तर त्याच ट्यूबमध्ये दहा वेळा रक्त भरा, दहा वेळा तेच उत्तर येणार. ताईच्या भाषेत सांगायचं तर चुकीच्या वजनकाट्यावर दोनदा उभं राहून वजन खरं होत नाही.

मग बाईंनी जे केलं ते एखाद्या स्वयंपाकाच्या कृतीसारखं नीट होतं, म्हणून सांगते. बोटाच्या टोकाला टोचून थेंब थेट काचेवर घेतला आणि पसरवला. या थेंबाला ईडीटीएचा स्पर्शच नाही. मग दंडातून रक्त काढलं आणि दोन ट्यूबमध्ये भरलं. एक जांभळी, आणि एक फिकट निळ्या टोपणाची. निळ्या ट्यूबमध्ये सोडियम सायट्रेटचं पाणी असतं. तेही कॅल्शियमच धरतं, पण ईडीटीएइतकं घट्ट नाही, म्हणून तिथे बहुतेकांच्या प्लेटलेट मोकळ्या राहतात. फक्त ही ट्यूब खुणेपर्यंतच भरायची. त्यात नऊ भाग रक्त आणि एक भाग पाणी असा हिशेब असतो. म्हणजे मशीनवर जो आकडा येतो तो पाणी घातलेल्या रक्ताचा, आणि खरा आकडा मिळवायला त्याला १.१ ने गुणायचं. ट्यूब अर्धवट भरली तर पाणी जास्त होतं आणि गुणाकार फसतो.

जांभळी ट्यूब मशीनवर लगेच लागली, रक्त काढल्यापासून दोन-तीन मिनिटांत. काउंट १,९६,०००.

मी खुर्चीतून उठलेच. बाबा बाहेर होते, त्यांना हाक मारायला. 'थांबा,' बाई म्हणाल्या, 'अजून संपलं नाही.' ती ट्यूब तशीच टेबलावर ठेवली. तासाभराने पुन्हा मशीनवर : १,१८,०००. तीन तासांनी : ५४,०००. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच रक्तात, माझा 'आजार' तयार झाला होता. मी मात्र तीन तास निव्वळ बसून होते आणि समोरच्या टपरीवरचे दोन चहा प्यायले होते.

निळ्या ट्यूबचा आकडा आला १,८२,०००. गुणिले १.१, म्हणजे दोन लाखांवर जेमतेम दोनशे.

आणि शेवटी स्लाइड. बाईंनी मला बोलावून मायक्रोस्कोपमधून दाखवलं. आधी बोटाच्या थेंबाची काच. गुलाबी तांबड्या पेशींच्या मध्ये मध्ये जांभळट ठिपके, सुटे सुटे. तेलाच्या भिंगाखाली एका वेळी जेवढा गोल दिसतो त्याला फील्ड म्हणतात. असे दहा फील्ड त्यांनी मोजले, मिळून १३४ ठिपके. सरासरी १३.४, आणि अंदाजासाठी त्याला पंधरा हजाराने गुणतात. दोन लाख एक हजार. यंत्राने आणि डोळ्याने जवळजवळ एकच उत्तर दिलं.

मग तीन तासांच्या जांभळ्या ट्यूबमधून केलेली काच. आधीच्या जागी जवळपास काहीच नाही, चारदोन चुकार ठिपके. 'इथे नाही बघायचं, कडेला बघायचं,' म्हणत बाईंनी काच सरकवली. रक्त पसरवताना जिथे थेंब संपतो त्या पातळ, पिसासारख्या टोकाला मोठ्या गोष्टी ओढल्या जातात. आणि तिथे ते होते. जांभळे गठ्ठे, एकेकात पन्नास, शंभर, चिकटून बसलेले. साबुदाण्याचा गिचका! मी हसायला लागले आणि मग, का कोण जाणे, रडायला.

जालन्याच्या लॅबमध्ये कुणी ती काच केली असती आणि तिचं टोक पाहिलं असतं, तर दहा मिनिटांत प्रश्न मिटला असता. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही (बरं, थोडी तक्रार आहेच). दिवसाला शेकडो सॅम्पल, मशीन अहोरात्र चालू, आणि दर कमी ठेवायची स्पर्धा. पुष्कळ मशीन अशा वेळी स्क्रीनवर गठ्ठ्यांची शंका दाखवतात. ती माझ्या वेळी आली होती की नाही, कुणी पाहिली की नाही, मला माहीत नाही. पीडीएफवर ती नव्हती.

डॉक्टरबाईंनी मला फार आनंदातही राहू दिलं नाही, हे त्यांचं मला आवडलं. त्या म्हणाल्या, काही जणांच्या प्लेटलेट निळ्या ट्यूबमध्येही चिकटतात. मग ट्यूब अंगाच्या उष्णतेला, ३७ अंशांवर ठेवून मोजतात, किंवा रक्त काढल्या काढल्या मोजतात, किंवा सरळ बोटाच्या थेंबावर विश्वास ठेवतात. शिवाय गठ्ठे दिसले म्हणजे आयटीपी नाहीच, असंही नाही. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. तुमचं खरं मोजमाप नॉर्मल आलं म्हणून सुटलात, नुसते गठ्ठे दिसले म्हणून नव्हे. आणि कधी कधी अँटिबॉडी वगैरे काही नसतंच. शीर सापडत नाही, सुई फिरवत बसावं लागतं, ट्यूब नीट हलवली जात नाही, आणि आत बारीकशी गुठळी होते. तोही काउंट कमीच येतो, पण पुढच्या वेळी नीट रक्त काढलं की बरोबर येतो. माझ्यासारख्यांचं तसं नाही. माझं दर वेळी होणार.

ताईच्या रक्ताचं काय, हे मी विचारलंच. तिच्या वेळी स्लाइड बघितली होती. त्यात गठ्ठे नव्हते. फील्डमागून फील्ड रिकामं, आणि ज्या थोड्या प्लेटलेट होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या. शरीर घाईघाईने नव्या तयार करतंय याची ती खूण. आणि काचेपेक्षाही मोठा पुरावा तिच्या पायांवर होता. रिकामी ट्यूब आणि रक्त सांडणारं अंग, दोन्ही एकच गोष्ट सांगत होते. माझ्यात ट्यूब एक सांगत होती आणि अंग दुसरंच. आईच्या 'आपल्या रक्तातच आहे'वर बाई म्हणाल्या की आयटीपी सहसा घराण्यात चालत नाही. घरात बऱ्याच जणांचा काउंट खरोखरच कमी असेल, तर आयटीपीऐवजी जन्मजात कारण शोधायचं असतं.

ताईला आधी डेक्सामेथासोनचा चार दिवसांचा कोर्स दिला होता, रोज चाळीस मिलिग्रॅम. काउंट नव्वद हजारांवर गेला आणि दोन महिन्यांत पुन्हा कोसळला. मग प्रेडनिसोलोनचे ते लांबलचक महिने. मग एल्ट्रॉम्बोपॅग नावाची गोळी, जी अस्थिमज्जेला नव्या प्लेटलेट करायला लावते. ही गोळी कॅल्शियमला चिकटते आणि मग अंगाला लागत नाही. म्हणून दूध, दही, पनीर खायच्या दोन तास आधी किंवा चार तास नंतर घ्यायची. दुधाच्या चहाशिवाय डोळे न उघडणाऱ्या आमच्या ताईने दोन वर्षं चहाचं टाइमटेबल पाळलं. आता गोळी बंद आहे. काउंट पंचेचाळीस ते साठ हजारांत फिरतो आणि तिचे डॉक्टर त्याला काहीही करत नाहीत. रक्तस्राव नसेल तर मोठ्या माणसांत तीस हजारांच्या वर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात. ऑपरेशन, बाळंतपण असं काही आलं की गोष्ट वेगळी. हे मला आधी माहीत असतं तर मी सदतीस हजारांवर, एकही ठिपका नसताना, बसमध्ये गोळ्यांची पाकिटं मांडीवर घेऊन बसलेच नसते कदाचित. ती पाकिटं मी परत केली. मेडिकलवाल्याने पैसे दिले नाहीत, त्याऐवजी सॅनिटरी पॅड आणि कफ सिरप दिलं.

बाईंनी एक पत्र लिहून दिलं. 'ईडीटीएमुळे होणारा खोटा थ्रॉम्बोसायटोपेनिया. खरा काउंट दोन लाख. यापुढे तपासणी सायट्रेट ट्यूबमध्ये, सोबत स्लाइड.' त्याची लॅमिनेट केलेली छोटी प्रत माझ्या पाकिटात पॅन कार्डच्या मागे असते. कारण समजा उद्या खरंच पाय मोडला, मी बेशुद्ध असले आणि जांभळ्या ट्यूबने बेचाळीस हजार सांगितले, तर कुणीतरी ऑपरेशन पुढे ढकलेल, किंवा मला नको असलेल्या प्लेटलेट चढवेल. असं झालंय लोकांना. खोट्या काउंटसाठी प्लीहा काढून टाकल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

विमा कंपनीने पत्र वाचलं आणि पुन्हा तपासणी सांगितली. जांभळ्या ट्यूबमध्ये! मी फोनवर अर्धा तास घालवला. दोन मॅनेजर, एक मेडिकल ऑफिसर. शेवटी निळी ट्यूब आणि स्लाइडचा रिपोर्ट मान्य झाला, आणि जानेवारीत पॉलिसी आली. बाबांनी ती देवघरात ठेवली आहे.

पाडव्याच्या संध्याकाळी आम्ही अंबडला परतलो तेव्हा काका ओट्यावरच बसले होते. मी सांगितलं, काउंट दोन लाख. काकांनी दोन्ही हात जोडून मत्स्योदरीच्या डोंगराकडे पाहिलं, मग कंपाउंडलगतच्या बोडक्या पपईकडे. मी त्यांना ईडीटीए सांगितलं, कॅल्शियम सांगितलं, साबुदाणा सांगितला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

'ते असू दे,' ते म्हणाले. 'सोमवारी सदतीस हजार होते. मध्ये पाच ग्लास रस पोटात गेला. आज दोन लाख. बरोबर?'

आकडे सगळे बरोबर होते. गल्लीतल्या चार घरांना आता काकांचा फोन नंबर पाठ आहे, आणि गेल्या पावसाळ्यात त्यांनी अजून तीन पपया लावल्या.